यानंतर कोणती? : देवगिरीचा तानप्रस्तार आणि अंकांचा कोशक्रम

२५३७६४१ ही संख्या घ्या. तिच्यात एक ते सात हे अंक प्रत्येकी एकदाच आले आहेत. हेच सात अंक, एकही न गाळता आणि एकही जास्तीचा न घेता, पुन्हा मांडून हिच्याहून मोठी, पण शक्य तितकी जवळची संख्या लिहायची आहे. थोडी खटपट केल्यावर बहुतेकांना उत्तर सापडते : २५४१३६७. पण ते सापडले कसे, आणि या दोन संख्यांच्या मध्ये दुसरी कोणतीच बसत नाही असे ठामपणे कशाच्या आधारावर म्हणायचे, हे विचारले की बोलणे अडखळते.

हा प्रश्न वाटतो तितका केवळ अंकांचा नाही. सारख्याच लांबीच्या संख्या लहानाकडून मोठ्याकडे लावणे आणि शब्द कोशात लावणे ही एकच क्रिया आहे. क, म, ल ही तीन अक्षरे घेतली तर कोशाच्या क्रमाने त्यांच्या मांडण्या अशा येतील : कमल, कलम, मकल, मलक, लकम, लमक. यांतल्या काही शब्दांना अर्थ आहे, काहींना नाही. पण क्रम पक्का आहे. ‘कमल’नंतर ‘कलम’ आणि ‘कलम’नंतर ‘मकल’. तेव्हा खरा प्रश्न असा : सगळी यादी समोर नसताना, हातात फक्त एक मांडणी असताना, कोशक्रमाने तिच्या लगेच पुढची मांडणी कशी काढायची?

संगणकाच्या जगात याचे उत्तर रोजच्या वापरातले आहे. सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाणित संग्रहात `next_permutation` नावाचे तयार साधनच आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात ही रीत ‘अल्गोरिदम एल’ या नावाने दिली आणि तिचे मूळ चौदाव्या शतकातल्या भारतात, नारायण पंडितांपाशी असल्याचे नोंदवले. या नोंदीचा आपल्याकडे बराच उल्लेख होतो. मात्र जुन्या ग्रंथात नेमके काय आहे आणि आजच्या रीतीशी ते कुठे जुळते, हे करून पाहिल्याशिवाय त्या उल्लेखाला वजन येत नाही. या लेखात तेच करायचे आहे. आणि त्यासाठी नारायण पंडितांच्याही सुमारे शतकभर मागे, देवगिरीला जावे लागते.

आधी नियम

२५३७६४१ कडे उजवीकडून पाहू. शेवटचा अंक १, त्याच्या डावीकडे ४, मग ६, मग ७. उजवीकडून डावीकडे येताना अंक चढत जातात. त्यानंतर येतो ३, आणि इथे चढण तुटते. ३ हा ७ पेक्षा लहान आहे. हा ३ म्हणजे या मांडणीचा सांधा.

इथेच का थांबायचे? त्याच्या उजवीकडचा तुकडा ७६४१ पाहा. या चार अंकांची याहून मोठी मांडणी होऊच शकत नाही, कारण ते आधीच मोठ्याकडून लहानाकडे लागलेले आहेत. म्हणजे ‘२५३’ने सुरू होणाऱ्या सगळ्या संख्या इथे संपल्या. कोशाच्या भाषेत सांगायचे तर ‘२५३’ या आद्याक्षरांच्या पानावरचा हा शेवटचा शब्द. आता पान उलटलेच पाहिजे, म्हणजे ३ बदललाच पाहिजे. पण त्याच्या डावीकडचे २ आणि ५ यांना हात लावायचे कारण नाही, कारण ३ च्या जागी बसण्याजोगा मोठा अंक उजवीकडे शिल्लक आहे.

उजवीकडे शिल्लक अंक ७, ६, ४, १. त्यांतला ३ पेक्षा मोठा, पण सर्वांत लहान अंक निवडायचा. तो ४. तीन आणि चार यांची अदलाबदल केली की २५४७६३१ मिळते. पुढचे पान ‘२५४’चे, हे ठरले. आता त्या पानावरचा पहिला शब्द हवा, म्हणजे उरलेले अंक लहानाकडून मोठ्याकडे लागायला हवेत. इथे एक सोय आपोआप झालेली असते. ४ च्या जागी ३ बसला तरी तुकडा उतरताच राहतो : ७, ६, ३, १. त्यामुळे पुन्हा वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. तुकडा नुसता उलटा लिहायचा. १३६७. उत्तर २५४१३६७.

एवढाच नियम. उजवीकडून सांधा शोधा. त्याहून किंचित मोठा अंक उजवीकडून आणून तिथे बसवा. सांध्यापुढचा तुकडा उलटवा. आणि सांधा सापडलाच नाही तर? म्हणजे मांडणी ७६५४३२१ आहे. ती यादीतली शेवटची, तिच्यापुढे काही नाही. या नियमाला मागच्या मांडण्या आठवाव्या लागत नाहीत, पुढच्या मोजाव्या लागत नाहीत. समोरची एक ओळ पुरते.

चूक होते ती बहुधा दोन ठिकाणी. कुणी ३ च्या जागी ४ ऐवजी त्या तुकड्यातला पहिला मोठा अंक ७ आणतो. मग मिळते २५७१४६३, आणि मधली ‘२५४’ व ‘२५६’ ही दोन्ही पाने, प्रत्येकी २४ मांडण्यांची, सुटतात. कुणी अदलाबदल करतो पण तुकडा उलटवायला विसरतो. मग २५४७६३१ वर जाऊन तो ‘२५४’च्या पानावरचा थेट शेवटचा शब्द गाठतो आणि आधीचे २३ हुकतात. दोन्ही चुका एकाच कसोटीवर पकडल्या जातात : १२३४५६७ पासून सुरू करून शेवटपर्यंत गेल्यावर मांडण्या बरोबर ५०४० भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर कुठेतरी उडी पडली आहे.

गणांची ओळख

मराठी वाचकाला अशा यादीचा परिचय शाळेतच झालेला असतो. फक्त तिच्याकडे या नजरेने पाहिलेले नसते. अक्षरगणवृत्तांचे आठ गण आपण ‘यमाताराजभानसलगा’च्या आधाराने पाठ करतो. पण छंदःशास्त्रातला त्यांचा क्रम निराळा आहे : म, य, र, स, त, ज, भ, न. हा क्रम मनाला येईल तसा लागलेला नाही. गुरूसाठी ‘गा’ आणि लघूसाठी ‘ल’ लिहिले तर तो असा दिसतो :

म : गा गा गा
य : ल गा गा
र : गा ल गा
स : ल ल गा
त : गा गा ल
ज : ल गा ल
भ : गा ल ल
न : ल ल ल

या मांडणीला छंदःशास्त्रात ‘प्रस्तार’ म्हणतात. तो रचायचा नियम असा : वरच्या ओळीत डावीकडून पहिला गुरू शोधा, त्याच्या खाली लघू लिहा, उजवीकडचे जसे वर आहे तसे खाली उतरवा, डावीकडे जागा राहिली तर सगळे गुरू भरा. ‘स’ गणावर करून पाहा. ल ल गा. पहिला गुरू तिसऱ्या जागी. तिथे लघू, आणि डावीकडे दोन गुरू. गा गा ल, म्हणजे ‘त’ गण. शेवटच्या ‘न’ गणात गुरूच नाही, म्हणून प्रस्तार तिथे थांबतो.

इथेही एका ओळीवरून पुढची ओळ काढायची आहे. एक जागा बदलायची, तिच्या एका बाजूला जैसे थे ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला नव्याने आरंभ करायचा. अंकांच्या नियमात आपण हेच केले. फरक इतकाच की गणांमध्ये लघू-गुरू हवे तितके वापरता येतात, तर मांडणीच्या प्रश्नात प्रत्येक वस्तू एकदाच हाताशी असते. ही अट आली की नियम अवघड होतो. ती अट पाळून प्रस्तार रचणारा नियम संगीताच्या ग्रंथात सापडतो.

हिशेबनीसाचे संगीत

शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे; आजोबा दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते, आणि स्वतः शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या काळात देवगिरीला, आजच्या दौलताबादला, हिशेबाच्या खात्यावर मोठा अधिकारी होता. याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०७ सालचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन झाला. शार्ङ्गदेव आणि चंगदेव यांची गाठभेट झाली असे म्हणायला आधार नाही. एवढेच म्हणता येते, की यादवांच्या राज्यात त्या काळी मोजण्याच्या विद्येला जागा होती.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. त्यात शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे आपापसांत बदलून मूर्तीचे किती प्रकार होतील, असा प्रश्न आहे, उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या चार वस्तूंचे २४. पण तिथला भर ‘किती’ या प्रश्नावर आहे. शार्ङ्गदेवाला ‘किती’ पुरेसे नव्हते. सात स्वर उलटसुलट करून होणाऱ्या ताना त्याला एकेक करून मांडायच्या होत्या. स्वर क्रम सोडून आले की त्या तानेला तो ‘कूटतान’ म्हणतो. सात स्वरांच्या, मूळ क्रमाची एक धरून, एकूण ताना ५०४०. त्या एकही न सुटता आणि एकही दोनदा न येता लिहायच्या तर नियम हवा, आणि तो त्याने पहिल्या अध्यायात मोजक्या ओळींत दिला आहे.

तो नियम आजच्या मराठीत असा सांगता येईल. पहिली ओळ मूळ क्रमाची. पुढच्या ओळीसाठी वरच्या ओळीत डावीकडून एकेक स्वर पाहत जा. ज्याच्या डावीकडे मूळ क्रमात त्याच्या आधीचा एखादा स्वर आहे, असा पहिला स्वर सापडला की थांबा. त्याच्या खाली मूळ क्रमातला त्याच्या लगतचा आधीचा स्वर लिहा. तो वरच्या ओळीत पुढे, म्हणजे उजवीकडे, आलेला असेल तर त्याच्याही आधीचा घ्या. उजवीकडचे स्वर जसेच्या तसे उतरवा. उरलेले स्वर डावीकडे मूळ क्रमाने भरा.

तीन स्वरांवर तो असा चालतो :

सा रे ग
रे सा ग
सा ग रे
ग सा रे
रे ग सा
ग रे सा

चौथ्या ओळीवरून पाचवी काढून पाहू. ग सा रे. पहिल्या ‘ग’च्या डावीकडे काहीच नाही. ‘सा’च्या आधीचा स्वरच नाही. ‘रे’च्या आधीचा ‘सा’ आहे आणि तो डावीकडे आहे. म्हणून ‘रे’खाली ‘सा’. उजवीकडे उतरवायला काही नाही. उरले रे आणि ग. ते मूळ क्रमाने डावीकडे. रे ग सा. बरोबर पाचवी ओळ.

आरसा

ही यादी वाचून कोशाची आठवण होत नाही. ‘सा रे ग’नंतर ‘रे सा ग’ आणि मग पुन्हा ‘सा’ने सुरू होणारी ओळ, असा कोश कुणी लावणार नाही. पण प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचा : ग रे सा, ग सा रे, रे ग सा, रे सा ग, सा ग रे, सा रे ग. आता आद्य स्वर दोन-दोन ओळी टिकतो : ग, ग, रे, रे, सा, सा. हा कोशच आहे. फक्त त्याची वर्णमाला उलटी, ‘ग’पासून ‘सा’कडे जाणारी. म्हणजे शार्ङ्गदेवाची यादी आरशात पाहिली तर ती कोशक्रमाची यादी ठरते.

तीन स्वरांवर हे जुळते म्हणून सातांवरही जुळेल असे गृहीत धरणे बरे नाही. तेव्हा सुरुवातीचीच संख्या घेऊ. आरशासाठी स्वरांना उलटे अंक द्यायचे : नी १, ध २, प ३, म ४, ग ५, रे ६, सा ७. आता २५३७६४१ उजवीकडून डावीकडे वाचून स्वर लिहिले की तान मिळते :

नी म रे सा प ग ध

हिच्यावर शार्ङ्गदेवाचा नियम लावू, अंक पूर्ण विसरून. ‘नी’च्या डावीकडे काही नाही. ‘म’च्या आधीचे ग, रे, सा हे सगळे उजवीकडे आहेत, डावीकडे एकही नाही. ‘रे’च्या आधीचा ‘सा’ उजवीकडे. ‘सा’च्या आधी कुणी नाही. ‘प’च्या आधीचा ‘म’, आणि तो डावीकडे आहे. थांबा. ‘प’खाली ‘म’ लिहा. उजवीकडचे ‘ग ध’ जसेच्या तसे. उरले सा, रे, प, नी. ते मूळ क्रमाने डावीकडे. पुढची तान :

सा रे प नी म ग ध

आता हिला पुन्हा अंक देऊन उजवीकडून वाचू. ध २, ग ५, म ४, नी १, प ३, रे ६, सा ७. २५४१३६७. संगणकाचा नियम आणि देवगिरीचा नियम एकाच ठिकाणी पोहोचले.

ही जुळणी योगायोगाची नाही. एकेक पायरी समोरासमोर ठेवली की ते दिसते. संख्येत उजवीकडून चढण तुटते त्या जागी ३ आहे. तानेत डावीकडून ‘नी म रे सा’ अशी उतरती ओळ तुटते त्या जागी ‘प’ आहे, आणि ‘प’ म्हणजेच ३. संख्येत ३ पेक्षा मोठ्या अंकांतला सर्वांत लहान ४ आणला. तानेत ‘प’च्या आधीचा सर्वांत लगतचा ‘म’ आणला. संख्येत डावीकडचे २५ राखले; तानेत उजवीकडचे ‘ग ध’ राखले. संख्येत उरलेला तुकडा लहानाकडून मोठ्याकडे लावला. तानेत उरलेले स्वर मूळ क्रमाने लावले. एकच कृती, दोन दिशांनी.

या कृतीचा स्वभाव गाणाऱ्याच्या बाजूने पाहिला तर अधिक उलगडतो. प्रस्तारात डावीकडचे स्वर भराभर हलतात आणि उजवीकडचे बराच वेळ मुक्काम करतात. ५०४० पैकी २५२० वेळा, म्हणजे निम्म्या वेळा, फक्त पहिल्या दोन स्वरांची अदलाबदल होते. आणखी १६८० वेळा बदल पहिल्या तीन स्वरांच्या आतच मिटतो. त्यापलीकडे हात घालण्याची पाळी सहांतून एकदाच येते. संगणकालाही ही रीत परवडते ती याचमुळे : यादी कितीही लांब असली तरी प्रत्येक पावलाला लागणारे काम सरासरीने अगदी थोडे असते. ओझे होते ते पावलांच्या संख्येचे. वीस वस्तू घेतल्या तर मांडण्या एकोणीस आकडी भरतात. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या काढणाऱ्या यंत्रालाही त्या संपवायला सुमारे ७७ वर्षे लागतील. नियम बिनचूक असला तरी यादी संपेलच असे नाही.

कितवी तान?

पावलापावलाने जाताना मधेच एक पाऊल चुकले तर ते लक्षात कसे यावे? यासाठी स्वतंत्र पडताळा हवा, आणि तो ‘संगीतरत्नाकरा’तच आहे. तान दिली असता ती प्रस्तारात कितवी हे सांगणे, याला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. आणि क्रमांक दिला असता तान सांगणे, याला ‘नष्ट’. हे शब्दही छंदःशास्त्रातूनच आलेले. दोन्हींसाठी शार्ङ्गदेव ‘खंडमेरू’ नावाचा पायऱ्यापायऱ्यांचा कोठा देतो आणि त्यावर खडे मांडायला सांगतो. कोठ्याचे स्तंभ असे : पहिल्यात १; दुसऱ्यात ०, १; तिसऱ्यात ०, २, ४; चौथ्यात ०, ६, १२, १८; पाचव्यात ० पासून ९६ पर्यंत चोवीस-चोवीसने; सहाव्यात ० पासून ६०० पर्यंत एकशेवीस-एकशेवीसने; सातव्यात ० पासून ४३२० पर्यंत सातशेवीस-सातशेवीसने. प्रत्येक स्तंभातून एकेक आकडा उचलायचा आणि बेरीज करायची.

कोणता आकडा उचलायचा हे आपल्या संख्येवर पाहू. २५३७६४१ च्या आधी, १ ने सुरू होणाऱ्या ७२० संख्या येऊन गेल्या. नंतर २ पक्का केल्यावर, ५ च्या आधी १, ३, ४ हे तीन अंक दुसऱ्या जागी येऊन गेले. तिनदा १२०, म्हणजे ३६०. २५ पक्के केल्यावर ३ च्या आधी फक्त १, एकदा २४. मग ७ च्या आधी १, ४, ६. तिनदा ६, म्हणजे १८. मग ६ च्या आधी १ आणि ४. दोनदा २, म्हणजे ४. मग ४ च्या आधी १, एक. आणि स्वतः ही संख्या, आणखी एक. ७२० + ३६० + २४ + १८ + ४ + १ + १ = ११२८. सातही आकडे खंडमेरूच्या सात स्तंभांत जसेच्या तसे आहेत. ‘नी म रे सा प ग ध’ ही प्रस्तारातली ११२८ वी तान.

आता २५४१३६७ चा क्रमांक काढा. ७२०, मग ३६०, मग ४ च्या आधी १ आणि ३, म्हणून ४८. पुढे १, ३, ६, ७ हे आपापल्या जागी सर्वांत लहानच, म्हणून शून्ये; शेवटी स्वतःचा १. बेरीज ११२९. अकराशे अठ्ठाविसाव्यानंतर अकराशे एकोणतिसावी. मधे दुसरी संख्या बसत नाही, हे सुरुवातीला जे विचारले होते त्याचा हा दुसऱ्या वाटेने मिळालेला पुरावा. यादीची एकही ओळ न लिहिता तो मिळाला.

सारखे अंक आले की

स्वर सातही वेगळे असतात. संख्येत मात्र एकच अंक दोनदा-तीनदा येऊ शकतो, आणि नियम लावणारा बहुधा इथेच फसतो. भास्कराचार्यांनी अंकपाशात ४, ८, ५, ५, ५ हे अंक घेऊन त्यांच्या किती संख्या होतील असे विचारले आहे. पाच अंकांच्या १२० मांडण्या, पण तिन्ही पाच एकसारखे, म्हणून सहाने भागून २०. त्या वीसही संख्यांची बेरीज ११,९९,९८८. यादी करून पाहणाऱ्याला या दोन संख्या आयती कसोटी पुरवतात.

४५५५८ पासून निघू : ४५५५८, ४५५८५, ४५८५५, ४८५५५. इथपर्यंत अडचण नाही. आता ४८५५५ च्या पुढची? उजवीकडून ५, ५, ५, ८, आणि मग ४. सारखे अंक शेजारी आले तर चढण तुटली असे मानायचे नाही. डावीकडचा अंक उजव्याहून खरोखर लहान असेल तरच तो सांधा. म्हणून सांधा ४. हे न पाळता शेवटच्या दोन पाचांतच सांधा मानला, तर पाचाच्या जागी पाच येतो, पुन्हा ४८५५५ मिळते, आणि नियम त्याच जागी कायमचा फिरत राहतो. संगणकाचा कार्यक्रम अशा वेळी न थांबता चालत राहतो. ही चूक ओळखण्याची खूण तीच.

पुढे, ४ च्या जागी ५ आणायचा. पण पाच तीन आहेत, कोणता? सर्वांत उजवीकडचा. तो घेतला की ५८५५४ होते, तुकडा ८५५४ उतरताच राहतो, आणि उलटवला की ५४५५८. हीच बरोबर पुढची. डावीकडचा पाच घेतला तर ५८४५५ होते; आता तुकडा ८४५५ उतरता उरला नाही, तो उलटवला तर ५५५४८ येते आणि मधल्या पाच संख्या निसटतात. वेगळ्या अंकांमध्ये तुकडा आपोआप उतरता राहतो, ही जी सोय वर सांगितली, ती सारख्या अंकांत उजवीकडचा अंक निवडला तरच टिकते.

श्रेयाची नोंद

नारायण पंडितांची ‘गणितकौमुदी’ १३५६ सालची. तिच्या तेराव्या प्रकरणाचे नावही ‘अंकपाश’च आहे. छंदांचा प्रस्तार, तानांचा प्रस्तार आणि भास्कराचार्यांची गणना हे सगळे धागे त्यात अंकांच्या सामान्य भाषेत एकत्र येतात. स्वर, अक्षरे, आयुधे असा भेद तिथे उरत नाही. क्नुथ यांनी नारायण पंडितांचे नाव घेतले ते या अर्थाने योग्यच आहे. युरोपात हाच नियम हिंडेनबर्ग यांनी १७८४ साली लाइपझिग इथे छापला, आणि त्यानंतरही तो अनेकदा नव्याने शोधला गेला.

पण ‘आपल्याकडे हे आधीच होते’ असे म्हणताना काय होते आणि काय नव्हते, हे दोन्ही सांगायला हवे. शार्ङ्गदेवाला पुढची मोठी संख्या नको होती. त्याच्यासमोर संख्याच नव्हती. त्याची यादी कोशासारखी वाचली जात नाही; ती तशी दिसायला आरसा धरावा लागतो. सारख्या वस्तूंचा पेच त्याच्या सात स्वरांत उद्भवतच नाही. होते ते असे : समोरच्या एकाच ओळीवरून पुढची ओळ काढणारा, कुठे बदल करायचा, काय राखायचे आणि काय नव्याने लावायचे हे नेमके सांगणारा नियम, आणि त्या नियमाची स्वतंत्र पडताळणी करणारा खंडमेरू. हा दावा लहान आहे, पण कागद-पेन्सिल घेऊन तो कुणालाही तपासता येतो. २५३७६४१ घ्या, किंवा तुमच्या आवडीच्या सात स्वरांची कुठलीही तान घ्या. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून जा, आणि मग खंडमेरूवर खडे मांडून दोन्ही क्रमांक पाहा. त्यांत एकाचाच फरक यायला हवा.